बाराशे खंडीचा खड्डा: राजसभेतला करवाढीचा प्रवेश कसा लिहावा

प्रश्न : एकांकिकेत राजसभेचा एक प्रवेश आहे. पीक बुडालंय, खजिन्यात खडखडाट आहे आणि सारा वाढवायचा की नाही यावर वाद होतो. मी लिहिला तर सेनापती आणि अमात्य आळीपाळीने भाषणं करतात, राजा शेवटी 'रयत सुखी तर राज्य सुखी' म्हणतो आणि पडदा पडतो. आठ मिनिटांत बसणारा, खरा वाटणारा प्रवेश कसा लिहू? काळ शिवकालाच्या आसपासचा, पण राजा काल्पनिक.

उत्तर : भाषणं होतात, कारण पात्रं 'दया की गरज' यावर भांडतात. त्या वादाला तळ नाही, कुणीही कितीही बोलू शकतो. पात्रांना एका आकड्यावर भांडू द्या. त्यासाठी संवादाला हात लावण्याआधी एका कागदावर हिशेब मांडावा लागतो. प्रेक्षकाला त्यातला फार थोडा दिसेल, पण तो झाला नसेल तर एकही वाक्य नीट उतरत नाही.

आधी वसुलीची पद्धत ठरवा. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेचं जे वर्णन आहे, त्यात पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन सरकारला असा हिशेब येतो. म्हणजे पीक घटलं की सरकारचा वाटा आपोआप घटतो. सभेत प्रश्न उरतो तो वाटाच वाढवायचा का, पाचांत दोनऐवजी निम्मा घ्यायचा का, एवढाच. पेशवाईतलं चित्र वेगळं. तिथे सारा बहुतेक रोख, तो हप्त्यांनी येणार, वसुली करणारा कमाविसदार आणि सावकार मधे असणार, आणि पीक बुडालं तर वाद सूट किती द्यायची यावर होणार. या दोन पद्धतींची सरमिसळ झाली की जाणता प्रेक्षक तिथेच सुटतो. तुमचा काळ पहिला आहे, तेव्हा वाट्यावरच राहा.

आता एक घर घ्या. जुनी मापं जागोजागी थोडी बदलतात, पण चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी हे कोष्टक रंगमंचाला पुरेसं आहे. पुढचे आकडे मी नाटकासाठी धरलेत. बऱ्या साली या घरात शंभर मण ज्वारी येते. चाळीस सरकारला, साठ घराला. यंदा आले चाळीसच मण. सोळा सरकारला गेले, चोवीस घरात राहिले. त्यातले दोन मण बलुत्याचे, दोन बियाण्याचे. उरले वीस मण, म्हणजे दोनशे चाळीस पायल्या. पाच माणसांच्या घराला रोज एक पायली धरा, तर दोनशे चाळीस दिवस निघतात. मार्गशीर्षाच्या सुरुवातीला दाणा घरात आला असेल तर तो आषाढाच्या अखेरीला संपतो.

आता वाटा निम्मा करा. घरात वीस मण, चार वजा जाऊन सोळा, म्हणजे एकशे ब्याण्णव दिवस. कणगी ज्येष्ठाच्या मध्यावर रिकामी होते, ऐन मृगाच्या तोंडावर. त्या दिवशी घरात दाणा उरलाय तो फक्त बियाण्याच्या मडक्यात. तो खाल्ला तर शेत पडीक, आणि पुढच्या साली सरकारला काहीच नाही. प्रवेशाचा कणा इथे आहे. बारा टक्के की पंधरा टक्के हे कुणाच्या लक्षात राहत नाही, पण दाणा पेरणीआधी संपतो की नंतर, हे पुण्यामुंबईतल्या प्रेक्षकालाही पटकन कळतं.

दुसरी बाजू सरकारची. राज्यात अशी हजार घरं धरा. बऱ्या साली दोन हजार खंडी येत होते, यंदा आठशे. खड्डा बाराशेचा. वाटा निम्मा केला की घरामागे चार मण वाढतात, सगळे मिळून दोनशे खंडी. म्हणजे रयत मृगाआधी उपाशी पडते आणि खड्डा भरतो फक्त सहावा हिस्सा. पण हे दोनशे खंडी सेनापतीसाठी क्षुल्लक नाहीत. माणशी रोज शेरभर धरलं तर हजार माणसांची शिबंदी दिवसाला सुमारे खंडीभर दाणा खाते. दोनशे खंडी म्हणजे हजार माणसांचे दोनशे दिवस. एकच आकडा एकाला थोडा आणि दुसऱ्याला जीवनमरणाचा वाटला पाहिजे. तसा आकडा सापडेपर्यंत लिहायला बसू नका.

पात्रं चारच ठेवा. अष्टप्रधानांची यादी पाठ असली तरी आठ जणांना मंचावर आणू नका. त्यातले चार जण नुसते माना डोलावतात आणि दिग्दर्शकाला त्यांना उभं कुठे करायचं हा प्रश्न पडतो. राजा, अमात्य आणि सेनापती हवेतच. चौथा सभेबाहेरचा आणा, परगण्याचा देशमुख. त्याचा हक्क वसुलावर ठरलेला असतो, वसूल वाढला की त्याचाही वाढतो. शिवाय ज्या घरात दाणा संपेल तिथे उसना दाणा देणारा तोच, आणि तो दिढीने, म्हणजे एक मणाला दीड मण परत. करवाढ झाली तर त्याला दोन्ही हातांनी मिळतं. त्याला खलनायक करू नका. तो अदबीने, रयतेच्या काळजीने बोलतो, आणि त्यातलं बरंचसं खरंही असतं.

वेळ दसऱ्याच्या आठ दिवस आधीची. पाऊस संपलाय, पीक उभं आहे आणि नजरपाहणी झालेली आहे, त्यामुळे किती येणार हे कळलंय पण अजून आलेलं नाही. दसऱ्याला फौज बाहेर पडते आणि त्याआधी शिलेदारांना नालबंदी, म्हणजे घोड्यासाठीची आगाऊ रक्कम, द्यावी लागते. निर्णय पुढे ढकलायची सोयच उरत नाही.

नमुन्यादाखल प्रवेश लिहून देतो. तुमच्या कथेप्रमाणे फिरवा.

*(सदर. राजा बैठकीवर. अमात्यांपुढे कापडात बांधलेला दप्तराचा रुमाल. सेनापती उभा. देशमुख थोडा मागे, हात बांधून.)*

सेनापती : दसऱ्याला आठ दिवस राहिले, महाराज. नालबंदी हातात पडल्याशिवाय एक शिलेदार घोड्यावर बसायचा नाही.

राजा : कमी किती पडतंय?

सेनापती : ते पंतांना विचारा. मला फक्त 'नाही' ऐकू येतं.

अमात्य : *(रुमालाची गाठ सोडत)* बाराशे खंडी. गेल्या साली दोन हजार आले. यंदा आठशे येतील. पाहणी खरी धरली तर.

देशमुख : खरीच आहे, पंत. माझी माणसं बरोबर होती.

अमात्य : म्हणून म्हटलं, धरली तर.

सेनापती : मग वाटा निम्मा करा. एका सालापुरता.

राजा : देशमुख, रयत देईल?

देशमुख : कुरकुरेल, पण देईल महाराज. आणि एखाद्या घरी नाहीच पुरलं, तर आम्ही आहोत. आजवर कुणाला उपाशी निजू दिलं नाही.

अमात्य : दिढीनं.

देशमुख : रीत आहे ती. माझ्या आज्यानं घातलेली नाही.

राजा : निम्मा घेतला तर किती वाढतात?

अमात्य : दोनशे.

राजा : बाराशेतले दोनशे?

अमात्य : पीकच नाही, महाराज. वाटा कशातला वाढवायचा?

सेनापती : दोनशे खंडी म्हणजे हजार माणसांचे दोनशे दिवस. दप्तरात थोडे दिसत असतील. गेल्या साली घाटाखाली माझी माणसं कण्या खाऊन लढली, पंत.

अमात्य : ठाऊक आहे. त्या कण्या मीच मोजून दिल्या होत्या.

राजा : रयतेच्या घरात काय राहतं?

अमात्य : जुन्या वाट्यानं आषाढापर्यंत. निम्म्यानं मृगापर्यंत.

राजा : आणि मृगाला?

अमात्य : बियाण्याचं मडकं.

*(कुणी बोलत नाही.)*

सेनापती : म्हणजे जुन्या वाट्यानंही श्रावणात चूल विझतेच.

अमात्य : विझते.

सेनापती : मग इतका वेळ आम्हाला कशाला ऐकवलंत? दोन्हीकडे मरायचेच असतील, तर माझे तरी जगवा.

अमात्य : एकीकडे शेत पेरलेलं असतं.

राजा : गडावर किती आहे?

सेनापती : ते मोजायचं नसतं, महाराज.

राजा : पंत.

अमात्य : चारशे खंडी.

सेनापती : ती वेढ्याची शिदोरी आहे!

राजा : अडीचशे काढा. तगाई म्हणून घरोघर जाईल. परत घ्यायचं ते मुद्दल, तेही पुढची दोन-तीन सालं पीक पाहून. वाटा आहे तोच राहील.

सेनापती : आणि वेढा पडला तर?

राजा : दीडशे दिवस आहेत. तेवढ्यात तुम्ही परत या.

सेनापती : नालबंदीशिवाय?

राजा : निम्मी मिळेल. उरलेली स्वारीत भागवा.

*(सेनापती मुजरा करतो, पण उशिरा.)*

देशमुख : चांगला विचार, महाराज. फक्त… वाटणार कोण? गावोगाव माणसं माझीच आहेत.

*(राजा अमात्यांकडे पाहतो. रुमाल बांधणारे अमात्यांचे हात थांबतात.)*

राजा : पंत, तुम्ही जाल.

अमात्य : हजार घरं, महाराज?

राजा : मृगाच्या आत.

पूर्ण प्रवेशात वाद ज्यांवर फिरतो ते मोठे आकडे चारच: बाराशे, दोनशे, चारशे आणि अडीचशे. दोन हजार आणि आठशे एकदाच, बाराशेचा हिशेब म्हणून येतात. दीडशे हे वजाबाकीतून येतं, ते प्रेक्षक स्वतः करतो. तुमच्या कागदावर दिवस, पायल्या, बलुतं असं पुष्कळ असेल, त्यातलं मंचावर येतं ते 'आषाढापर्यंत' आणि 'मृगापर्यंत' एवढंच. ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही. लक्षात ठेवावा लागेल असा पाचवा मोठा आकडा आला की तो पहिला विसरतो.

अमात्यांचा पक्ष पूर्ण बरोबर ठेवलेला नाही, हे मुद्दाम. 'जुन्या वाट्यानंही श्रावणात चूल विझतेच' हे वाक्य सेनापतीला दिलंय, कारण अमात्यांच्या हिशेबातलं भोक विरोधकानेच दाखवायला हवं. बहुतेक लेखक इथे कच खातात आणि करवाढ नाकारली की रयत वाचली असं दाखवतात. तसं केलं की सेनापती बावळट ठरतो आणि राजाला निवड करावीच लागत नाही. इथे वाढ न करणं पुरत नाही हे कळल्यावरच गडाच्या कोठाराचा विषय निघतो. वाद 'वाढवा की नको' यावरून 'धोका कुणी घ्यायचा' यावर सरकतो, आणि तिथून प्रवेश चालायला लागतो.

तगाई आणि बिनव्याजी मुद्दल ही पळवाट म्हणून घातलेली नाही. शिवाजी महाराजांनी १६७६ च्या सप्टेंबरात प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेल्या पत्रात ऐपत नसलेल्या कुणब्याला बैल द्यावेत, पोटाला आणि पेरायला दाणा द्यावा, आणि वाढीदिढी न करता मुद्दल तेवढं हळूहळू उगवून घ्यावं, असा हुकूम आहे. त्याच पत्रात सुभेदाराला रयतेच्या भाजीच्या देठाचाही लोभ धरू नकोस अशी ताकीद आहे. वरिष्ठाला हाताखालच्याला असं बजावावं लागतं, यातच देशमुखासारख्या पात्राची जागा दिसते. मात्र हे पत्र काल्पनिक राजाच्या तोंडी शब्दशः घालू नका. प्रेक्षक ते ओळखतो, आणि मग नट काल्पनिक राजा न राहता शिवाजी महाराजांची नक्कल करणारा वाटायला लागतो.

शेवट निर्णयावर न करता अंमलबजावणीवर केलाय. राजाने फर्मावलं की प्रेक्षक टाळ्यांच्या तयारीत असतो, तेवढ्यात देशमुखाचा प्रश्न येतो. तो उर्मट नाही, खरा आहे: राज्याचा हात गावापर्यंत पोचतो तो वतनदाराच्या हातातूनच. पुढच्या प्रवेशासाठी धागाही मिळतो. म्हातारा अमात्य परगण्यात फिरतोय आणि देशमुखाची माणसं त्याला हवी ती घरं दाखवतायत.

भाषेबद्दल. 'आम्ही आज्ञा करतो की', 'हे नराधमा' असली पौराणिक वळणं काढा. तसंच प्रत्येक वाक्यात 'जी महाराज' नको. 'महाराज' एका पात्राच्या तोंडी दर तीन-चार वाक्यांत एकदा पुरे, आणि तो कुठे गाळला जातो यावर राग दाखवता येतो. वर सेनापती 'ती वेढ्याची शिदोरी आहे!' म्हणताना 'महाराज' म्हणत नाही. राजा अमात्याला 'पंत' म्हणतो, 'अमात्य' नाही. पदाने हाक मारणं दरबाराच्या पहिल्या क्षणी शोभतं, वादात नाही. खंडी, मण, तगाई, नालबंदी हे शब्द बिनधास्त वापरा, पण दर शब्दाजवळ असं काही ठेवा की अर्थ आपोआप लागेल. 'नालबंदी… घोड्यावर बसायचा नाही' हे एका श्वासात आलं की समजावून सांगावं लागत नाही. 'दिढीनं' मात्र ओझरतं जातं. तालमीत बाहेरच्या कुणाला ऐकवा, त्याला नाही कळलं तर 'मणाला दीड मण' असं करा.

रुमालाचा उपयोग नीट बसवा. अमात्य 'बाराशे खंडी' म्हणताना गाठ सोडतो, 'बियाण्याचं मडकं' म्हणेपर्यंत कागद उघडे असतात, आणि निर्णय झाला की तो बांधायला लागतो. नटाच्या हाताला काम मिळतं आणि प्रेक्षकाला प्रवेश कुठवर आला हे न सांगता कळतं. पण त्याने कागदात बघून आकडे वाचू नयेत. अमात्याला ते पाठ असतात. वाचले की तो कारकून होतो.

नमुना तुमच्या आठ मिनिटांपेक्षा बराच आखूड आहे, शांततांसकट साधारण निम्म्या वेळात संपेल. वाढवताना नवे मुद्दे घालू नका, सेनापती-देशमुख यांच्यातली जवळीक वाढवा. दोघांना करवाढ हवी आहे, पण वेगळ्या कारणांनी, आणि सेनापतीला आपण कुणाच्या बाजूने बोलतोय हे मधेच उमगलं पाहिजे. त्याची जागा 'दिढीनं' नंतर आहे. त्याने तिथे देशमुखाकडे एकदा वळून 'तुमचा हक्क किती, देशमुख, वसुलावर?' एवढं विचारावं, आणि देशमुखाने उत्तर राजाकडे बघून द्यावं. दुसरी जागा बाजारभावाची. दुष्काळात दाणा महाग होतो, म्हणून सरकारचे आठशे खंडी विकले तर खंडीमागे रक्कम जास्त येते. सेनापतीला हे सुचू द्या: 'भाव चढलाय, कोठारातलं विका.' मग अमात्याने विचारावं, विकत घेणार कोण? या दोन जागा भरल्या की आठ मिनिटं होतात. तरी कमी पडलं तर शांतता लांबवू नका, एकांकिकेच्या दुसऱ्या प्रवेशाला वेळ द्या.